नसबंदीनंतर दोन रेघा: आधी गर्भ कुठे आहे ते पाहा

प्रश्न: माझं वय ३१. दोन मुलं, दोन्ही सीझर. सात वर्षांपूर्वी दुसऱ्या सीझरच्या वेळीच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं. आता पाळी १२ दिवस पुढे गेली म्हणून घरी टेस्ट केली तर दोन रेघा आल्या. दोन दिवसांपासून तपकिरी डाग दिसतात, डाव्या बाजूला ओटीपोटात अधूनमधून दुखतं. घरी म्हणतात, ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस जातातच कसे? मेडिकलमधून गोळ्या आणून मोकळं व्हावं असं वाटतंय. सोनोग्राफी आत्ता करू की पंधरा दिवस थांबू?

उत्तर:

ताई, थांबू नका. सोनोग्राफी आजच करून घ्या, आज जमलंच नाही तर उद्या सकाळी. आणि ती होईपर्यंत कोणतीही गोळी घेऊ नका. डाग आणि एका बाजूचं दुखणं दोन्ही आहे, म्हणून नुसत्या सोनोग्राफी सेंटरवर न जाता जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत आणि गरज पडली तर ऑपरेशन होऊ शकतं अशा ठिकाणी जा. वाटेत चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात एकदम जोराची कळ आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं, तर सोनोग्राफीसाठी नंबर लावत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा. खांद्याचं सांगितलं की बायकांना नवल वाटतं. पोटात सांडलेलं रक्त वर श्वासपटलाला लागलं की ती वेदना खांद्यात जाणवते. तिथे बाम चोळत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

एवढी घाई का, ते आता सविस्तर सांगते.

आधी घरच्यांच्या शंकेचं. ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस जाऊ शकतात. क्वचित जातात, पण जातात. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला एक मोठा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशननंतरच्या दहा वर्षांत दर हजार बायकांमागे साधारण १८ जणींना गर्भ राहिला होता. सगळ्या पहिल्या वर्षातच राहिल्या असंही नाही. पाच, सात, नऊ वर्षांनी राहिलेल्याही होत्या. वयाचाही संबंध दिसला. कमी वयात ऑपरेशन झालेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त, कारण त्यांची पुढची प्रजननक्षम वर्षं जास्त उरलेली असतात. तुमचं ऑपरेशन २४ व्या वर्षी झालं. आपल्याकडे बहुतेकींचं ऑपरेशन त्याच वयात होतं. तेव्हा सातव्या वर्षी दोन रेघा दिसल्या म्हणून कुणी तुमच्याकडे संशयाने पाहत असेल, तर त्या माणसाला घेऊन डॉक्टरांकडे या. हे समजावून सांगणं आमचं काम आहे, तुमचं नाही. माझ्या टेबलासमोर मान खाली घालून बसलेल्या अशा बायका आठवल्या की मला अजून राग येतो. नळीत गर्भ राहून जीव धोक्यात आलेला असतो आणि घरात चौकशी चाललेली असते चारित्र्याची.

आता हे होतं कसं. गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन नळ्या असतात. साधारण दहा-बारा सेंटीमीटर लांब, बाहेरून पेन्सिलीपेक्षा बारीक. बीज आणि शुक्राणूची गाठ याच नळीत पडते आणि तयार झालेला गर्भ तिच्यातूनच हळूहळू सरकत पिशवीत येतो. नसबंदीत हा रस्ता बंद करतात. सीझरच्या वेळी किंवा बाळंतपणानंतर करतात त्या पद्धतीत नळीचा मधला भाग उचलून त्याचा फास करतात, फासाच्या बुडाशी विरघळणाऱ्या दोऱ्याची गाठ मारतात आणि वरचा तुकडा कापून टाकतात. काही आठवड्यांत दोरा विरघळतो, कापलेली दोन टोकं एकमेकांपासून दूर होतात आणि आपापली बुजून जातात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात नळीच्या फासावर रबरासारखी छोटी रिंग चढवतात. रिंगेत आवळलेला भाग रक्त न मिळाल्यामुळे सुकतो. पद्धत कोणतीही असो, भरवसा शेवटी त्या टोकांच्या बुजण्यावरच असतो.

आणि शरीराचा स्वभाव जखम भरून काढण्याचा. कापलेली टोकं जवळजवळ राहिली तर त्यांच्यामध्ये एखादी सूक्ष्म वाट पुन्हा तयार होते. किंवा पिशवीकडचं टोक पूर्ण बुजत नाही आणि तिथे पोटाच्या पोकळीत उघडणारं बारीकसं भोक राहतं. आम्ही त्याला फिस्टुला म्हणतो. तुमच्या प्रश्नाचं मर्म या भोकात आहे, म्हणून इथे जरा सावकाश सांगते. शुक्राणूचं डोकं मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजावं लागतं, चार-पाच हिस्से, बस. फळलेलं बीज त्याच्या वीस-पंचवीस पट मोठं, एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे जिथून शुक्राणू आरामात जातो तिथून गर्भ जाऊ शकत नाही. शुक्राणू पिशवीतून वर चढतो, अर्धवट बुजलेल्या टोकातून पोटात निसटतो, नळीच्या बाहेरच्या तुकड्यात शिरतो आणि तिथे त्याला बीज भेटतं. गर्भ तयार होतो, पिशवीकडे निघतो आणि बंद टोकाशी अडकतो. पुढे रस्ता नाही. मग तो तिथेच रुजतो. हा झाला एक्टोपिक, नळीतला गर्भ. अशा रुग्णाचं पोट उघडलं की पुष्कळदा गर्भ नळीच्या बाहेरच्या तुकड्यात दिसतो आणि सात-आठ वर्षांपूर्वी चढवलेली रिंग मधल्या जागेवर जशीच्या तशी असते. ऑपरेशन नीट झालेलं असतं, तरीही हे घडतं.

आणखी दोन कारणं आहेत, पण तुमच्या बाबतीत ती बसत नाहीत. एक म्हणजे ऑपरेशनच्या दिवशीच बाई गरोदर असणं. पाळी येऊन बरेच दिवस झाले असताना दुर्बिणीचं ऑपरेशन केलं तर असं होऊ शकतं. दुसरं, नळीऐवजी शेजारचा गोल बंध पकडला जाणं किंवा एकच नळी बांधली जाणं. हरियाणातल्या एका बाईचं असंच झालं होतं. एकाच बाजूची नळी बंद केलेली निघाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तिची भरपाई कायम ठेवली. अशी चूक असेल तर गर्भ बहुधा लवकरच राहतो, सात वर्षं वाट पाहत नाही. पुढे २००५ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने हेही सांगितलं की नसबंदीनंतर गर्भ राहिला एवढ्यावरून डॉक्टरचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. दोन्ही निकाल मला वैद्यकाला धरून वाटतात.

आता हिशोबाची एक बाजू नीट समजून घ्या, कारण इथे डॉक्टरांचाही घोटाळा होतो. नसबंदीमुळे एक्टोपिक वाढतो का? तर नाही. काहीच साधन न वापरणाऱ्या बाईपेक्षा नसबंदी झालेल्या बाईला आयुष्यात एक्टोपिक होण्याची शक्यता कमीच असते, कारण तिला मुळात गर्भच राहत नाही. पण राहिला, तर चित्र उलटतं. एरवी शंभर गरोदर बायकांत एक-दोघींचा गर्भ पिशवीबाहेर असतो. त्याच अमेरिकन अभ्यासात नसबंदीनंतर राहिलेल्या गर्भांपैकी जवळजवळ एक तृतीयांश पिशवीबाहेर होते. म्हणजे साधारण तीन जणींत एक. म्हणून नसबंदी झालेल्या बाईची टेस्ट पॉझिटिव्ह आली की आम्ही उलट्या बाजूने विचार सुरू करतो. गर्भ पिशवीत आहे असं डोळ्यांनी दिसेपर्यंत तो नळीत आहे असंच धरून चालायचं.

टेस्टच्या दोन रेघा एवढंच सांगतात की लघवीत गर्भाचं हार्मोन आहे. गर्भ कुठे आहे ते त्या पट्टीला कळत नाही. डागांनीही फसायचं नाही. नळीतला गर्भ हार्मोन कमी-जास्त सोडत असतो, त्यामुळे पिशवीचं अस्तर थोडं थोडं सुटतं आणि तपकिरी डाग पडतात. बाईला वाटतं पाळीच येतेय, जरा उशिरा आणि कमी. अशी "कमी आलेली पाळी" मनात धरून महिना घालवलेल्या बायका दर वर्षी येतात.

आता गोळ्यांचं. या उत्तरातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या. मेडिकलमधली ती पाकिटं पिशवीतल्या गर्भासाठी आहेत. पहिल्या गोळीने पिशवीच्या अस्तराचा आधार तुटतो, नंतरच्या गोळ्यांनी पिशवी आवळते आणि आतलं बाहेर पडतं. नळीतल्या गर्भावर याचा काहीच परिणाम होत नाही. पण रक्तस्राव मात्र होतो, चांगला गाठींसकट होतो, कारण अस्तर सुटतं. बाई समजते सुटलो. आणि गर्भ नळीत वाढतच असतो.

काही वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला आमच्याकडे एक बाई आणली. वय ३२, आठ वर्षांपूर्वी शिबिरात दुर्बिणीचं ऑपरेशन झालेलं. पाळी चुकल्यावर तिने कुणालाही न सांगता मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या, पाच दिवस रक्त गेलं, तिने कामाला सुरुवात केली. अकरा दिवसांनी पहाटे संडासला जाऊन आल्यावर ती दारातच कोसळली. दिवसभर घरच्यांनी अशक्तपणा म्हणून गावातच सलाइन लावलं. आली तेव्हा ओठ पांढरे, नाडी १३०, रक्तदाब ८० च्या खाली, पोट फुगून टणक. हिमोग्लोबिन साडेपाच. पोट उघडलं तर आत दीड लिटरच्या वर रक्त होतं आणि उजव्या नळीचा बाहेरचा तुकडा फुटलेला. नळी काढायला वीस मिनिटं लागली. रक्ताच्या चार पिशव्या मिळवायला नातेवाइकांनी रात्रभर दोन ब्लड बँका पालथ्या घातल्या. ती वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "पण मॅडम, गोळ्यांनी सगळं पडलं होतं ना?" पडलं होतं ते पिशवीचं अस्तर.

पहाटे संडासला जाण्याचं मुद्दाम लिहिलं. पोटात साठलेलं रक्त गुदाशयाच्या पुढच्या खळग्यात उतरतं आणि सारखं संडासला जावंसं वाटतं. गरोदर असण्याची शक्यता असलेल्या बाईला संडासला जाऊन आल्यावर घेरी आली तर आधी तिचा एक्टोपिक नाही याची खात्री करायची, अॅसिडिटीचा विचार नंतर.

तर आता तुमची सोनोग्राफी. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर तुम्हाला जवळजवळ सहा आठवडे झालेत. हे दिवस सोनोग्राफीसाठी अगदी योग्य आहेत. सोनोग्राफी आतून करायला सांगा, म्हणजे योनिमार्गातून. पोटावरून केलेली इतक्या लवकरच्या गर्भासाठी पुरत नाही. आतून करायची तर पाणी पिऊन लघवी साठवून ठेवायची गरज नसते, उलट लघवी करूनच टेबलावर जायचं. ओळखपत्र बरोबर घ्या, गरोदर बाईच्या सोनोग्राफीला कायद्याने फॉर्म भरावा लागतो, त्यासाठी मागतील. डॉक्टरांची चिठ्ठीही घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टेबलावर झोपताना स्वतःच्या तोंडाने सांगा: "माझं नसबंदीचं ऑपरेशन झालंय, दोन सीझर झालेत, डाव्या बाजूला दुखतंय." लाजून हे न सांगणाऱ्या बायका आहेत. न सांगितल्यास सोनोग्राफी करणारा पिशवीवर नजर टाकून उठेल. सांगितल्यावर तो दोन्ही अंडाशयांच्या शेजारी शोधेल आणि पिशवीच्या मागे पाणी किंवा रक्त साठलंय का तेही पाहील.

गर्भ पिशवीत असेल तर पाच आठवड्यांच्या आसपास छोटी काळी गोल सॅक दिसते, साडेपाचला तिच्यात पांढऱ्या कडेचं छोटं वर्तुळ दिसतं, ते योक सॅक, आणि सहाच्या आसपास हृदयाचे ठोके. इथे एक फसवी गोष्ट असते. नळीत गर्भ असला तरी पिशवीच्या पोकळीत थोडं पाणी किंवा रक्त साठून सॅकसारखी आकृती दिसू शकते. ती मधोमध असते, लांबट असते, तिला जाड दुहेरी कडा नसते आणि आत योक सॅक नसते. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं "सॅक दिसते" एवढंच असेल तर डॉक्टरांना विचारा, योक सॅक आहे का? योक सॅक दिसली की पिशवीतला गर्भ निश्चित. तुमची दोन सीझर झाली आहेत म्हणून आणखी एक गोष्ट त्यांनी पाहायला हवी. सॅक पिशवीच्या वरच्या भागात आहे की खाली सीझरच्या व्रणात? व्रणात रुजलेला गर्भ पिशवीतच दिसतो, पण तोही धोक्याचाच, आणि त्याचा मार्ग वेगळा.

रिपोर्ट तीनपैकी एक येईल. पिशवीत गर्भ आहे, किंवा नळीत दिसतोय, किंवा कुठेच दिसत नाही. घात होतो तो तिसऱ्या रिपोर्टमुळे. त्यावर लिहिलेलं असतं, "अगदी सुरुवातीचा गर्भ असावा, दोन आठवड्यांनी पुन्हा करा." साध्या गरोदर बाईला हे वाक्य चालतं. नसबंदी झालेल्या बाईला हे दोन आठवडे परवडत नाहीत. गर्भ कुठेच दिसला नाही तर त्याच दिवशी रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे तेच गर्भाचं हार्मोन किती आहे याची तपासणी, करायचं आणि बरोबर ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करायचं. लॅब बदलायची नाही, वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पिशवीतला निरोगी गर्भ असेल तर सुरुवातीच्या आकड्यात दोन दिवसांत निदान निम्म्याने तरी भर पडते, बहुधा त्याहून जास्त. आकडा १०००चा १०५० झाला, १२०० झाला किंवा तिथेच रेंगाळला, तर काहीतरी बिघडलंय. एकच आकडा पाहून कुणी निष्कर्ष काढत असेल तर काढू देऊ नका. आकडा कमी आहे म्हणून नळी फुटणार नाही, असंही नसतं. अगदी कमी आकड्यावर फुटलेल्या नळ्या मी काढल्या आहेत.

वेळेत आलेल्या एका बाईचं उदाहरण सांगते, म्हणजे पुढचं चित्र कळेल. वय २९, बाळंतपणानंतरचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं. पाळी आठ दिवस चुकली आणि ती आशाताईंबरोबर आली. आशाताईंनी तिला एवढंच सांगितलं होतं की ऑपरेशनच्या कागदावर पाळी चुकली तर दोन आठवड्यांत या असं लिहिलंय, म्हणून चल. हे खरं आहे. सरकारी संमतीपत्रात ही ओळ छापलेली असते आणि बाई तिच्याखाली सही किंवा अंगठा देते. वाचून मात्र कुणी दाखवत नाही. आतून सोनोग्राफी केली, पिशवीत काही नाही, बाजूला काही नाही. बीटा एचसीजी ११८०. अठ्ठेचाळीस तासांनी १४९०. म्हणजे वाढ जेमतेम चतुर्थांश. पुन्हा सोनोग्राफी केली तेव्हा डाव्या अंडाशयाच्या शेजारी, त्याला न चिकटलेला, अठरा मिलिमीटरचा गोळा दिसला, कडा पांढरी, मध्ये काळं. ठोके नाहीत, पोटात रक्त नाही, नाडी-रक्तदाब उत्तम. अशा वेळी ऑपरेशनशिवाय इलाज होऊ शकतो.

तिचं सीबीसी, लिव्हर, किडनी तपासून मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं. मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर ठरते, दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम. तिला ७५ मिलिग्रॅम बसलं. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींची वाढ हे औषध थांबवतं. चौथ्या दिवशी आकडा १७२० झाला. तिचा नवरा घाबरला, पण चौथ्या दिवशी वाढणं अपेक्षितच असतं. पाहायचं असतं ते चौथ्या ते सातव्या दिवसातलं उतरणं, निदान १५ टक्के. सातव्या दिवशी १३१० आला, म्हणजे जवळजवळ २४ टक्के खाली. मग दर आठवड्याला तपासणी, आकडा शून्यावर येईपर्यंत. तिला पाच आठवडे लागले. त्या काळात फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद, संबंध बंद, शेतातलं जड काम बंद. तीन-चार दिवस पोट दुखलं तेव्हा फोनवर सांगून थांबलो नाही, बोलावून पुन्हा सोनोग्राफी केली. औषध चालू असतानाही नळी फुटू शकते.

हा मार्ग सगळ्यांना चालत नाही. गर्भाला ठोके दिसत असतील, आकडा ५००० च्या वर असेल, गोळा साडेतीन-चार सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल, पोटात रक्त असेल किंवा बाईला दर आठवड्याला येणं शक्य नसेल, तर दुर्बिणीने ऑपरेशन. लांबच्या वाडीवरून येणाऱ्या, घरी गाडी नसलेल्या बाईला मी इंजेक्शनऐवजी ऑपरेशनच सुचवते, कारण रात्री दोन वाजता नळी फुटली तर ती माझ्यापर्यंत पोचणार नाही. आणि ऑपरेशन करायचंच तर दोन्ही नळ्यांचे उरलेले तुकडे काढून टाकायला सांगा. संमतीपत्रात ते आधीच लिहून घ्या, भूल दिल्यावर विचारता येत नाही. नळी वाचवण्यात इथे काही अर्थ नाही, आणि एका बाजूला वाट तयार झाली असेल तर दुसऱ्या बाजूचाही भरवसा नाही. आणखी एक छोटी पण विसरली जाणारी गोष्ट. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आठवण करा.

तुमचा गर्भ पिशवीतच निघाला, जी शक्यता जास्त आहे, तर निर्णय तुमचा. ठेवायचा असेल तर नसबंदी झाली होती म्हणून बाळात काही दोष येत नाही. ठेवायचा नसेल तर कायद्यात तुमच्यासाठी स्पष्ट सोय आहे. संततिनियमनाचं साधन निकामी झाल्यामुळे राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने काढता येतो, आणि सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तेव्हा त्याच गोळ्या डॉक्टर देतील, पण गर्भाची जागा पाहून, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासून. पुढच्या साधनाचा विचार नवऱ्याबरोबर करा. पुरुष नसबंदी दहा-पंधरा मिनिटांची, पोट न उघडता होणारी, आणि बाईच्या ऑपरेशनपेक्षा कमी वेळा फसणारी आहे. दोन सीझर आणि एक फसलेलं ऑपरेशन सोसलेल्या बाईला तिसऱ्यांदा टेबलावर घेण्याआधी मी नवऱ्याला हे नेहमी विचारते.

ऑपरेशन सरकारी दवाखान्यात किंवा मान्यताप्राप्त खासगी ठिकाणी झालं असेल तर अपयशासाठी सरकारी भरपाई मिळते. दावा गर्भ राहिल्याचं कळल्यापासून ९० दिवसांत करायचा असतो. नसबंदीचं प्रमाणपत्र, संमतीपत्राची प्रत आणि गर्भ असल्याचा पुरावा लागतो, म्हणून सोनोग्राफीचा रिपोर्ट, बीटा एचसीजीचे कागद आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. नळी काढली तर ती तपासणीला पाठवली का ते विचारा आणि तो रिपोर्टही घ्या. प्रमाणपत्र सापडत नसेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते, आशाताई किंवा नर्सताई ती काढून देतील. ही शोधाशोध घरचं कुणीतरी पुढच्या आठवड्यात करू शकतं. आज तुम्ही फक्त ओळखपत्र घ्या, कुणाला तरी बरोबर घ्या आणि निघा. निघण्याआधी पोटभर जेवू नका. आजच ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं.